डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्यास कॅशलेस मंजुरीचे आणि क्लेमचे काय होते?

प्रश्न : आईला न्यूमोनियामुळे सोमवारी रात्री ११ वाजता दाखल केले. कॅशलेसची ४०,००० रुपयांची पहिली मंजुरी आली आहे. आज बुधवार दुपार. बिल ८६,००० झाले असून डॉक्टर आणखी तीन दिवस थांबायला सांगतात. आम्हाला तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलमध्ये हलवायचे आहे. इथला इन्शुरन्स डेस्क म्हणतो की 'लामा'वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत असल्याच्या फॉर्मवर, सही केली की कॅशलेस रद्द आणि क्लेमही बुडाला. हे खरे आहे का?

उत्तर : पहिला भाग बहुधा खरा ठरेल, दुसरा खरा नाही. मी काही वर्षे टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, वैद्यकीय अधिकारी म्हणून क्लेम तपासले आहेत आणि आता हॉस्पिटलच्या बाजूने हेच काम पाहतो. दोन्ही टेबलांवर बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की लामाच्या फॉर्मवरील सहीमुळे क्लेम क्वचितच बुडतो. तो बुडतो चोवीस तास पूर्ण न झाल्यामुळे, केस पेपरमध्ये उपचार न दिसल्यामुळे किंवा घाईत अर्धवट कागद घेऊन बाहेर पडल्यामुळे.

आधी कॅशलेसचे पाहू. तुम्हाला आलेली ४०,००० रुपयांची मंजुरी ही विमा कंपनीने हॉस्पिटलला दिलेली हमी आहे आणि ती सशर्त आहे. हॉस्पिटलने प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या पूर्वमंजुरीच्या, फॉर्ममध्ये निदान, ठरवलेले उपचार, अंदाजे दिवस आणि अंदाजे खर्च लिहून पाठवला, त्यावरून ही रक्कम ठरली. खरा निर्णय डिस्चार्जच्या वेळी, अंतिम बिल आणि डिस्चार्ज समरी पाहून होतो. रुग्ण उपचार मध्येच सोडून निघाला की मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे टीपीए क्वेरी काढते, आणि क्वेरीचे उत्तर जाऊन निर्णय येईपर्यंत नातेवाईक थांबायला तयार नसतात. हॉस्पिटललाही धास्ती असते की रुग्ण निघून गेल्यावर कंपनीने हात वर केले तर पैसे कोणाकडे मागायचे. म्हणून अनेक हॉस्पिटले लामाच्या केसमध्ये कॅशलेस पुढे न पाठवता सरळ रोख भरायला सांगतात. हा त्यांचा व्यवहारी सावधपणा आहे. तो विमा कंपनीचा निर्णय मात्र नव्हे, आणि 'क्लेम बुडाला' असे सांगण्याचा अधिकार डेस्कवरील कर्मचाऱ्याला नाही.

तुम्ही डेस्कला एवढेच सांगा की आतापर्यंतचे बिल आणि समरी अंतिम मंजुरीसाठी टीपीएकडे पाठवा आणि जे उत्तर येईल ते लेखी द्या. विमा नियामक संस्था आयआरडीएआयने २९ मे २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत कंपनीने अंतिम मंजुरीचा निर्णय दिला पाहिजे, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची आहे. तीन तास थांबण्याइतकी आईची प्रकृती स्थिर असेल तर थांबा. अंशतः मंजुरी आली तरी तेवढे पैसे खिशातून काढावे लागत नाहीत, आणि नकार आला तर तो कोणत्या कारणासाठी आहे हे कागदावर राहते. कॅशलेस नाकारणे म्हणजे क्लेम नाकारणे नव्हे. नकारानंतरही सगळे पैसे भरून रिइम्बर्समेंटचा अर्ज करता येतो.

आता क्लेमकडे येतो. आयआरडीएआयने सर्व कंपन्यांसाठी प्रमाणित केलेल्या वगळण्यांच्या यादीत, म्हणजे पॉलिसीमध्ये एक्सएल ०१ ते एक्सएल १८ अशा क्रमांकांनी छापलेल्या कलमांमध्ये, सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्यास क्लेम मिळणार नाही असे कलम नाही. तरीही तुमच्या पॉलिसीच्या सर्वसाधारण अटी नीट वाचा. काही पॉलिसींमध्ये अशी अट असते की डॉक्टरांचा सल्ला न पाळल्यामुळे उद्भवलेल्या खर्चाला कंपनी बांधील राहणार नाही. या अटीचा रोख सल्ला मोडल्यानंतर त्या मोडण्यामुळे झालेल्या खर्चाकडे आहे. सोमवार रात्रीपासून बुधवारपर्यंत आईला दिलेला ऑक्सिजन आणि शिरेतून दिलेली अँटिबायोटिक्स ही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दिली गेली, त्यामुळे त्या खर्चाला ही अट लागू करणे मला पटत नाही. निघाल्यानंतर दोन दिवस घरी ठेवले, प्रकृती ढासळली आणि मग पुन्हा दाखल केले, तर मात्र दुसऱ्या दाखल्याच्या वेळी कंपनी या अटीकडे बोट दाखवू शकते. तुम्ही थेट दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेत आहात, त्यामुळे उपचारात खंड पडत नाही आणि हा मुद्दा फारसा टिकणार नाही.

क्लेम तपासणारा माणूस पहिल्यांदा वेळ पाहतो. पॉलिसीतील प्रमाणित व्याख्येनुसार हॉस्पिटलमधील दाखला किमान सलग २४ तासांचा असावा लागतो. ठरावीक डे-केअर शस्त्रक्रिया आणि उपचारांना यातून सूट आहे, आणि काही नव्या पॉलिसींमध्ये ही मुदत कमीही केलेली आहे. न्यूमोनियासारख्या औषधोपचाराच्या आजारात जुनी अट असेल तर ती पुरी व्हावीच लागते. तुमच्या बाबतीत मंगळवारी रात्री ११ वाजता ती पुरी झाली, म्हणून येथे काळजी नाही. मात्र जे लोक १८ किंवा २० तासांत रागावून किंवा घाबरून निघतात त्यांचा क्लेम याच पायरीवर अडतो, आणि नकाराच्या पत्रात लामाचा उल्लेख असल्यामुळे सगळ्यांना वाटते की लामामुळेच पैसे गेले. कॅज्युअल्टीतील निरीक्षणाचे तासही यात गृहीत धरू नका. आयपीडी नंबर पडून प्रत्यक्ष दाखला झाल्याची वेळ धरली जाते.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. लामाच्या केसमध्ये निघण्याची वेळ तीन ठिकाणी लिहिली जाते : फॉर्मवर सहीपुढे, बिलावर आणि नर्सच्या नोंदीत. फॉर्मवर सायंकाळी ७ ची सही असते, पैसे गोळा करून बिल भरेपर्यंत १०.३० होतात, आणि नर्सच्या कागदावर शेवटची नाडी व रक्तदाब ७.१५ ला लिहून खाली 'नातेवाईक रुग्णाला घेऊन गेले' अशी ओळ असते. तपासणारा डॉक्टर बिलाऐवजी नर्सची ओळ खरी धरतो, कारण त्यानंतर औषध दिल्याची नोंद नसते. चोवीस तास भरावेत म्हणून बिलावरची वेळ पुढे ढकलायला लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने क्लेम तर वाचत नाहीच, उलट खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो आणि त्याची झळ पॉलिसीला लागते.

वेळेनंतर उपचारांची गरज पाहिली जाते. एक्सएल ०४ हे कलम केवळ तपासण्यांसाठी केलेल्या दाखल्याचा खर्च वगळते. कोणी डोकेदुखीसाठी दाखल झाले, एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळे नॉर्मल आले आणि औषधोपचार सुरू होण्यापूर्वीच लामा घेऊन घरी गेले, तर कागदावर उरतात त्या फक्त तपासण्या, आणि हे कलम लागू होते. दाखल्याच्या वेळचे निदान तात्पुरते असते. पूर्ण मुक्काम झाला असता तर निदान पक्के होऊन उपचारही नोंदले गेले असते, पण मध्येच निघाल्याने ती संधी जाते. आईच्या बाबतीत छातीचा एक्स-रे, ऑक्सिजनची पातळी, तापाचा तक्ता आणि रोजची इंजेक्शने ही सगळी केस पेपरमध्ये असणार, त्यामुळे येथेही तुमची बाजू भक्कम आहे.

तुमचा खरा धोका कागदांत आहे. त्यासाठी सही करण्याआधी आईवर उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांना भेटा. रात्रपाळीच्या आरएमओशी हुज्जत घालून उपयोग नाही, कारण त्याच्या हातात छापील लामा फॉर्मशिवाय काही नसते. मुख्य डॉक्टरांना सरळ विचारा की ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून आईला हलवता येईल का, आणि येत असेल तर ट्रान्सफर समरी द्याल का. निघण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत. डॉक्टरांच्या संमतीने दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पाठवणे हा ट्रान्सफर. रुग्ण स्थिर आहे पण नातेवाइकांनी मागितला म्हणून दिलेला तो विनंतीवरून डिस्चार्ज. आणि डॉक्टर 'नेऊ नका' म्हणत असताना नेणे म्हणजे लामा. हॉस्पिटलने भरायच्या प्रमाणित क्लेम फॉर्मच्या भागात रुग्ण घरी गेला, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेला की मृत्यू पावला असे पर्याय असतात. तेथे दुसऱ्या हॉस्पिटलची खूण झाली आणि समरीतही तेच लिहिले असले की तपासणाऱ्याच्या मनातील अर्धे प्रश्न संपतात. ॲम्ब्युलन्सच्या खर्चालाही त्याचा उपयोग होतो, कारण एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे नेण्याचा खर्च ज्या पॉलिसी देतात त्या बहुधा तो वैद्यकीय कारणासाठी असल्याचा कागद मागतात.

डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले की आत्ता हलवणे धोक्याचे आहे, तर त्यांच्याकडून वेगळे काही लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. त्यांनी लामा लिहिणे हे त्यांच्या जबाबदारीला धरूनच आहे. तरीही तुम्ही नेणारच असाल तर फॉर्मवरील मोकळ्या जागेत स्वतःच्या अक्षरात कारण लिहा : 'पुढील उपचारांसाठी अमुक हॉस्पिटलमध्ये आजच दाखल करत आहोत.' ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते, कारण छापील मजकुरात केवळ 'उपचार नाकारले' असे असते आणि दोन महिन्यांनी वाचणाऱ्याला त्यातून रुग्ण घरी नेला असेच वाटते. काही फॉर्मवर 'विमा क्लेमवरील हक्क सोडत आहे' अशा अर्थाचे वाक्यही छापलेले असते. ते खोडून बाजूला सही करा. हा फॉर्म तुमच्यात आणि हॉस्पिटलमध्ये आहे. विमा कंपनीशी तुमचा करार पॉलिसीचा आहे.

लामाच्या रुग्णाला पुष्कळदा एक पानी समरी देतात, ज्यात 'दाखल केले, उपचार केले, लामा' याच्या पलीकडे फारसे काही नसते. त्यावर समाधान मानू नका. समरीत दाखल होतानाच्या तक्रारी, त्या वेळची ऑक्सिजनची पातळी, निदान, दिलेल्या औषधांची नावे आणि निघतानाची प्रकृती हे सर्व आले पाहिजे. सोबत तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सर्व रिपोर्ट आणि एक्स-रेच्या फिल्म घ्या. आयपीडी केस पेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी या नोंदी द्यायच्या असतात. तुमच्या गुंत्यात ही प्रत सर्वांत मोलाची आहे, कारण ऑक्सिजन किती लिटरवर होता आणि कधी कमी केला हे समरीत नसले तरी नर्सच्या तक्त्यात असते.

आता तुमचे आकडे मांडून पाहतो. ८६,००० च्या बिलात ग्लोव्हज, ॲडमिशन किट, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबी समजा ५,००० च्या आहेत. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली नसेल आणि को-पे, म्हणजे क्लेममधील ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची अट, नसेल, तर मिळण्याजोगी रक्कम ८१,००० राहते. कॅशलेस तुटले तर आज तुम्हाला पूर्ण ८६,००० भरावे लागतील, त्यातून आधी दिलेले डिपॉझिट वजा करून घ्या. येथे लोक एका बाबतीत फसतात. कॅशलेसमध्ये हॉस्पिटलचे दर कंपनीशी ठरलेले असतात आणि सहसा ते कमी असतात. कॅशलेस रद्द होताच काही ठिकाणी तेच बिल रोखीच्या रुग्णाच्या दराने पुन्हा काढले जाते. समजा ८६,००० चे ९५,००० झाले, तरी कंपनी रिइम्बर्समेंट देताना वाजवी आणि रूढ दराच्या आधारे कपात करू शकते, आणि वरचे ९,००० तुमच्याच खिशातून जाऊ शकतात. म्हणून बिल ठरलेल्या दरानेच ठेवण्याची मागणी सही करण्यापूर्वी करा. नंतर कोणी ऐकत नाही.

दुसरा गुंता विम्याच्या शिल्लक रकमेचा आहे. पहिली मंजुरी दिली की कंपनीच्या संगणकात ४०,००० रुपये त्या हॉस्पिटलच्या नावाने राखून ठेवलेले असतात. समजा यंदाच्या वापरानंतर तुमच्या पॉलिसीत १,५०,००० शिल्लक आहेत आणि नवे हॉस्पिटल १,३०,००० चा अंदाज पाठवते. जुनी मंजुरी रद्द झालेली नसेल तर टीपीएला उपलब्ध दिसतात फक्त १,१०,०००, आणि मंजुरी तेवढ्यावरच थांबते. कॅशलेस वापरायचे नाही असे ठरले की जुन्या हॉस्पिटलच्या डेस्ककडून मंजुरी रद्द करण्याचा मेल टीपीएला पाठवून घ्या आणि त्याची प्रत मागा. अर्थात पहिल्या मुक्कामाचा रिइम्बर्समेंट क्लेमही याच शिल्लकीतून जाणार आहे. ८१,००० आणि १,३०,००० मिळून २,११,००० होतात, त्यामुळे या उदाहरणात दोन्ही मिळून १,५०,००० च्या पुढे काही मिळणार नाही, हे घरात आधीच बोलून ठेवावे.

नव्या हॉस्पिटलच्या प्री-ऑथ फॉर्ममध्ये आधीचा दाखला आणि लामा ही दोन्ही माहिती स्पष्ट लिहायला लावा. ती लपवून उपयोग नाही, कारण पहिली मंजुरी टीपीएच्या पडद्यावर दिसतच असते. लपवली तर विसंगतीची क्वेरी येते. सांगितली तर फक्त पहिल्या हॉस्पिटलची समरी मागितली जाते, आणि ती तुमच्या हातात असली की काम पुढे सरकते. मूळ कागद रिइम्बर्समेंटसाठी लागतील, म्हणून नव्या हॉस्पिटलला झेरॉक्सच द्या. एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट नेल्याने त्याच तपासण्या पुन्हा कशासाठी केल्या हा प्रश्नही टळतो.

दोन्ही मुक्काम एकाच आजाराचे मानले जातील. ज्या हॉस्पिटलमध्ये उपचार घेतले तेथील शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत तोच आजार उलटला तर तो 'एकच आजार' धरण्याची प्रमाणित व्याख्या आहे. पॉलिसीत एका आजारासाठी कमाल मर्यादा असेल तर ती दोन्ही बिले मिळून मोजली जाईल. डिस्चार्जनंतरची औषधे व तपासण्या यांचा खर्च मूळ दाखल्याचा क्लेम मान्य झाला तरच मिळतो, म्हणून पहिला क्लेम रक्कम लहान वाटली तरी सोडून देऊ नका. तो दाखल करण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती पहिल्या हॉस्पिटलमधून निघाल्याच्या तारखेपासून मोजून चला. आई पूर्ण बरी होण्याची वाट पाहत बसलात तर ती टळून जाईल.

एवढे करूनही नकार आला, तर पत्रात कोणत्या कलमाखाली नकार दिला ते पाहा. 'लामा असल्यामुळे अमान्य' एवढेच लिहिले असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करून कलमाचा क्रमांक विचारा. २०२४ च्या त्याच परिपत्रकानुसार क्लेम नाकारण्यापूर्वी कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीची मान्यता लागते, तेव्हा ती घेतली होती का हेही विचारा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद चालतात. तक्रारीसोबत दाखल्याची वेळ दाखवणारा पहिला कागद, नर्सच्या नोंदी, स्वतःच्या अक्षरातील कारण असलेल्या लामा फॉर्मची प्रत आणि त्याच दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये झालेल्या दाखल्याचा पुरावा जोडा. लामाच्या फॉर्मची प्रत हॉस्पिटल स्वतःहून देत नाही, म्हणून सही करताच मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.